एका व्हिडिओमागे आठ हजार

रायपूरमध्ये मी छोट्या चॅनलांचे व्हिडिओ लिहिते आणि संकलित करते. त्यापैकी एक चॅनल छतावर सोलर बसवून देणाऱ्या एका ठेकेदाराचं आहे. त्याला मी दादा म्हणते. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळातली आमची जुनी ओळख. दुकान मोव्याला आहे आणि कामं रायपूर, दुर्ग, धमतरी, महासमुंद या टापूतली. चॅनल हिंदीत आहे, अधूनमधून छत्तीसगढीत. सदस्य सहा हजारांच्या घरात. आठवड्याला एक व्हिडिओ असा आमचा नेम होता आणि चॅनल ‘चाललंय’ यावर सगळ्यांचं एकमत होतं. पण ते किती चाललंय, म्हणजे गेलेला पैसा परत येतोय का, हे कुणी कागदावर मांडलेलं नव्हतं. मांडल्यावर जे दिसलं ते अशा प्रत्येक लहान धंदेवाल्याला ठाऊक असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात खर्चापासून केली. दादाच्या मते एका व्हिडिओचा खर्च होता 5,300 रुपये. कॅमेरावाल्याचा एका दिवसाचा मेहनताना 2,500, त्यात कॅमेरा आणि कॉलरचा माइक आला. लेखन आणि संकलनाचे माझे 2,000. थंबनेलचे 300. साइटवर जाण्यायेण्याचं पेट्रोल सरासरी 500. एवढे पैसे खिशातून जात, म्हणून तेवढेच त्याच्या लक्षात होते.

बाकीचा खर्च दिसत नव्हता, पण होत होता. शूटिंगला दादाचा अर्धा दिवस मोडायचा. त्या अर्ध्या दिवसात तो एरवी सर्व्हेला जातो, आणि तो गेला नाही तर त्या कामाला दुसरा माणूस पाठवावा लागतो. म्हणून त्या वेळेचे 1,500 धरले. चॅनलच्या नंबरावर येणारे फोन आणि मेसेज वहिनी सांभाळतात. त्यासाठी पगार देऊन मुलगी ठेवली असती तर प्रत्येक व्हिडिओच्या वाट्याला 800 तरी आले असते. घरचं माणूस फुकट धरायचं ही आपल्याकडची सवय. हिशेबात ती चालत नाही, कारण वहिनी त्या वेळात दुकानाची बिलं करू शकल्या असत्या. शेवटी दिवे, ट्रायपॉड, जुना कॅमेरा आणि लॅपटॉपचा वाटा यांचे 60,000. हे सामान तीन वर्षं टिकेल असं धरलं. आठवड्याला एक या वेगाने तीन वर्षांत दीडशेच्या आसपास व्हिडिओ होतात, म्हणजे एकावर 400 रुपये. सगळं मिळून 8,000.

इथे एक भेद करावा लागतो, नाहीतर पुढे गोंधळ होतो. ‘आजवरचा पैसा वसूल झाला का’ हा प्रश्न वेगळा आणि ‘पुढचा व्हिडिओ करावा का’ हा वेगळा. पहिल्यासाठी सामानाचे 400 धरायचे. दुसऱ्यासाठी सोडून द्यायचे, कारण पुढचा व्हिडिओ केला नाही म्हणून दिव्यांचे पैसे काही परत मिळत नाहीत. दादाच्या वेळेचंही तसंच. सोलरची कामं ज्या महिन्यात थंडावतात, त्या महिन्यात त्या अर्ध्या दिवसाची किंमत 1,500 नसते, बरीच कमी असते. त्यामुळे पावसाच्या ऐन दिवसांत, जेव्हा छतावर काम होत नाही, तेव्हा दोन-तीन व्हिडिओ एका दमात करून ठेवणं स्वस्त पडतं.

मग जाहिरातीचं उत्पन्न. यूट्यूबचा पैसा म्हटलं की आमच्याकडे लोकांच्या डोळ्यांसमोर तुलसी येतं. रायपूरच्या तिल्दा भागातलं हे गाव, वस्ती चार हजारांच्या आसपास. जय वर्मा आणि ज्ञानेंद्र शुक्ल या दोघांनी 2018 मध्ये ‘बीइंग छत्तीसगढ़िया’ हे चॅनल सुरू केलं, त्याचे सदस्य सव्वा लाखावर गेले आणि पाहता पाहता गावातली घरंच्या घरं अभिनयात, चित्रीकरणात, संकलनात उतरली. 2023 मध्ये जिल्हा प्रशासनाने गावात ‘हमर फ्लिक्स’ नावाचा स्टुडिओ उभारून दिला. दादाच्या मनात तेच उदाहरण होतं. पण तुलसीच्या गोष्टी कोट्यवधी वेळा पाहिल्या जातात. छत्तीसगढी समजणारा कुणीही त्या बघू शकतो, मग तो रायगढचा असो की सुरतच्या गिरणीतला. आमच्या व्हिडिओचा खरा प्रेक्षक म्हणजे स्वतःचं छत असलेला आणि दादाच्या गाडीच्या टप्प्यात राहणारा माणूस. तुलसीचा हिशेब बघणाऱ्यांच्या संख्येवर उभा आहे. आमचा तसा उभा राहूच शकत नाही.

किती राहत नाही ते बघा. यूट्यूब स्टुडिओत सीपीएम आणि आरपीएम असे दोन आकडे दिसतात. हजार जाहिराती दाखवायला जाहिरातदार जे मोजतो ते सीपीएम. आपला व्हिडिओ हजार वेळा पाहिला गेल्यावर आपल्या हाती जे पडतं ते आरपीएम. लांब व्हिडिओच्या जाहिरातीतला 55 टक्के वाटा चॅनलला मिळतो, आणि दर वेळी जाहिरात दिसतेच असं नाही, म्हणून आरपीएम पुष्कळ खाली असतो. कुणीतरी दादाला सोलरचा सीपीएम चांगला असतो असं सांगितलं होतं, आणि त्या आकड्यावर त्याने मनोरे रचले होते. आमचा आरपीएम चाळीस रुपयांच्या आसपास होता. महिन्याला सगळे मिळून तीस हजार व्ह्यूज, म्हणजे 1,200 रुपये. एका व्हिडिओचे 8,000 केवळ जाहिरातीतून काढायचे तर तो दोन लाख वेळा पाहिला जायला हवा. आमचे बहुतेक व्हिडिओ पाच हजारांपाशी थांबतात, म्हणजे प्रत्येकी 200 रुपये. त्यातही गूगल शंभर डॉलर साठल्याशिवाय पैसे पाठवत नाही. महिन्याला बाराशेच्या वेगाने शंभर डॉलर व्हायला सात-आठ महिने लागतात.

या बाराशे रुपयांची एक दुसरी बाजू मला जास्त खटकली. आमचा व्हिडिओ सुरू होण्याआधी कुणाची जाहिरात लागते? बहुतेक वेळा मोठ्या सोलर कंपनीचीच, कारण सोलरमध्ये रस असलेला प्रेक्षक त्यांना तिथेच सापडतो. म्हणजे दादा गिऱ्हाईक गोळा करतो आणि चार पैशांसाठी ते दारातच दुसऱ्याच्या हाती देतो. एक ऑर्डर अशी निसटली तर वर्षभराची जाहिरात-कमाई गेल्यात जमा. यावर उपाय आहे. यूट्यूबच्या ॲडसेन्स खात्यात ठरावीक जाहिरातदारांचे पत्ते रोखता येतात. आम्ही स्पर्धकांची यादी तिथे घातली. एखाद्या व्हिडिओवरच्या जाहिराती बंदही करता येतात, पण यूट्यूबच्या अटींनुसार तिथे तरीही जाहिरात दिसू शकते, म्हणून रोखण्याची यादी जास्त कामाची. शॉर्ट्सबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. त्यांचा वाटा 45 टक्के, पैसा नगण्य, आणि तिथून आलेल्या चौकशीतून ऑर्डर जवळजवळ नाहीच.

तेव्हा जमेची खरी बाजू म्हणजे लीड, वहिनींच्या भाषेत चौकशी. इथे कामाला सुरुवात झाली ती वहिनींच्या वहीपासून. त्या आधीही फोन लिहून ठेवत, पण नाव, गाव आणि नंबर एवढंच. कोणत्या व्हिडिओमुळे माणूस आला हे कळायची सोय नव्हती. आम्ही चॅनलसाठी वेगळं सिम घेतलं, जे दुकानाच्या पाटीवर किंवा पत्रकावर कुठेच छापलेलं नाही. आणि प्रत्येक व्हिडिओखाली व्हॉट्सॲपची अशी लिंक टाकली, जिच्यावर बोट ठेवलं की मेसेज आधीच लिहिलेला उघडतो:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=V07%20solar
```

यातला V07 हा त्या व्हिडिओचा क्रमांक. गिऱ्हाइकाने फक्त पाठवायचं. वहिनींना मेसेज पाहताच कळतं की हा सातव्या व्हिडिओचा. पण आमच्याकडे पन्नाशीपुढची माणसं लिंक दाबत नाहीत, नंबर पाहून थेट फोन लावतात. त्यांच्यासाठी वहिनींनी विचारायचं, “व्हिडिओत काय पाहिलंत?” कुणी म्हणतो, तो मीटरवाला. कुणी म्हणतो, ज्यात तुम्ही कागद दाखवता तो. एवढ्यावरून वहिनी बरोबर ओळखतात. ज्याला अजिबात सांगता येत नाही त्याच्यापुढे त्या रेघ मारून ठेवतात. अंदाजाने क्रमांक टाकायचा नाही, हे आमचं ठरलेलं होतं.

वहीची मांडणीही बदलली. आधी तारखेवार लिहीत होतो, आता प्रत्येक व्हिडिओला एक पान दिलं. कारण सोलरचा माणूस आज व्हिडिओ पाहून आज पैसे देत नाही. घरात बोलणं होतं, बँकेत विचारणा होते, दोन-तीन कोटेशनं येतात, आणि दीड-दोन महिन्यांनी ऑर्डर पडते. जूनचा खर्च आणि जूनच्या ऑर्डरी समोरासमोर ठेवल्या तर काहीच खरं कळत नाही, कारण जूनच्या ऑर्डरी एप्रिलच्या व्हिडिओंच्या असतात. पान व्हिडिओचं असेल तर ऑर्डर केव्हाही पडो, ती आपल्या जागी जाऊन बसते.

2025 च्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये आम्ही 24 व्हिडिओ टाकले, आणि त्यांच्या ऑर्डरी नोव्हेंबरअखेरपर्यंत लिहीत राहिलो. खर्च 24 गुणिले 8,000, म्हणजे 1,92,000. सहा महिन्यांची जाहिरात-कमाई 7,200, तीही अजून शंभर डॉलरच्या खालीच. चौकश्या 240 आल्या. आकडा ऐकून दादा खूश झाला, पण त्यातल्या निम्म्याहून अधिक बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश अशा ठिकाणच्या. व्हिडिओ हिंदीत असला की तो जिल्ह्याची वेस पाळत नाही. आमच्या टापूतल्या शंभरेक उरल्या. त्यातले काही भाड्याच्या घरात राहणारे, काही सदनिकेतले, ज्यांच्या छतावर हक्क सगळ्यांचा. प्रत्यक्ष सर्व्हे झाले 36 आणि ऑर्डरी पडल्या 14.

तीन किलोवॉटच्या एका ऑर्डरमध्ये माल, मजुरी, मीटरची धावपळ असं सगळं जाऊन दादाला साधारण 18,000 राहतात. हिशेब करायचा तो या अठरा हजारांवर, ऑर्डरच्या पूर्ण रकमेवर नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण दादाचा पहिला कागद ‘व्हिडिओमुळे सव्वीस लाखांचा धंदा’ असा होता. त्या सव्वीस लाखांतला बहुतेक पैसा पॅनेल आणि इन्व्हर्टर विकणाऱ्यांचा असतो. 14 ऑर्डरींचे 2,52,000 झाले. त्यातून 36 सर्व्हेंचा खर्च प्रत्येकी 500 धरून 18,000 वजा केला, जाहिरातीचे 7,200 मिळवले, उरले 2,41,200. खर्च 1,92,000. म्हणजे सुमारे 49,000 वर. दादाने तिथेच वही मिटायला घेतली.

मी म्हटलं, “दादा, थांब. या चौदांतले किती जण व्हिडिओ नसता तरी तुझ्याकडे आले असते?”

“ते कसं कळणार, ताई?”

ते पुरतं कळत नाही, पण बरंचसं कळू शकतं. त्यासाठी प्रश्न नीट विचारावा लागतो. “आमची माहिती कुठून मिळाली?” असं विचारलं की लोक शेवटचं पाहिलेलं सांगतात, आणि शेवटचा असतो व्हिडिओ. वहिनींनी प्रश्न बदलून विचारला, “आमचं नाव सगळ्यात आधी कुणाकडून ऐकलंत?” चौदा जणांना पुन्हा फोन झाले. पाच जणांनी सांगितलं की नाव आधी ऐकलं होतं. एकाच्या मेहुण्याच्या छतावर दादानेच काम केलेलं, एकाच्या कार्यालयातल्या सहकाऱ्याने शिफारस केलेली, असे पाच. व्हिडिओ त्यांनी नंतर पाहिला, खात्री करायला.

आता नऊच ऑर्डरी पूर्णपणे व्हिडिओच्या धरल्या तर 1,62,000 होतात. सर्व्हेचे 18,000 वजा, जाहिरातीचे 7,200 जमा, राहिले 1,51,200. खर्चापेक्षा सुमारे 41,000 कमी. चौदा धरले तर चॅनल फायद्यात, नऊ धरले तर तोट्यात. सगळा निकाल त्या पाच जणांवर लटकलेला. मला वाटतं छोट्या चॅनलच्या बाबतीत हे नेहमीच असं असतं, आणि म्हणूनच ‘परतावा इतके टक्के’ असा एकच आकडा देणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. दोन आकडे द्यावेत, एक उदार आणि एक कडक, आणि खरं त्यांच्या मध्ये कुठेतरी आहे असं समजावं.

त्या पाचांच्या बाबतीत व्हिडिओने काहीच केलं नाही असंही नाही. व्हिडिओ पाहून आलेल्याला नेट मीटर म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. एका भेटीत सर्व्हे आणि भाव दोन्ही होतात, एरवी दोनदा जावं लागतं. छत्तीस सर्व्हेंमध्ये चौदा ऑर्डरी, तर इतर मार्गाने आलेल्यांत चारात एक. पण या मदतीचं पैशात किती मोल धरायचं याचं उत्तर माझ्याकडे वहीतून निघत नव्हतं. निम्मी ऑर्डर धरा असं काही जण सांगतात. मी ती धरली नाही, वेगळ्या रकान्यात ठेवली. अर्ध्या ऑर्डरीचा नफा बँकेत दिसत नाही.

यानंतर पानं उलटून पाहिली, आणि खरी गोष्ट तिथे होती. चौदांपैकी नऊ ऑर्डरी फक्त तीन व्हिडिओंच्या पानांवर होत्या. पहिल्यात दादा टेबलावर एका गिऱ्हाइकाचं सोलर बसवण्याआधीचं आणि नंतरचं वीजबिल शेजारी ठेवून रकाना रकाना वाचतो. दुसऱ्यात पीएम सूर्यघर योजनेचा अर्ज पोर्टलवर कसा भरायचा आणि कोणते कागद लागतात ते आहे. तिसऱ्यात तीन किलोवॉटच्या पूर्ण खर्चाची फोड आहे, पॅनेलपासून अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत. तिन्ही दुकानात बसून फोनवर केलेले. कॅमेरावाला नाही, पेट्रोल नाही. प्रत्येकी 4,000 च्या आसपास, म्हणजे तिघांचे मिळून 12,000.

उलट बाजूला चार व्हिडिओ होते ज्यांच्यासाठी ड्रोनवाला बोलावला होता. एक तर शेतातल्या मोठ्या गोदामाच्या छतावरचा, सकाळच्या उन्हात पॅनेलांच्या रांगा, दिसायला फार सुंदर. प्रत्येकी 14,000, म्हणजे 56,000. सगळ्यांत जास्त व्ह्यूज त्यांनाच मिळाले, नातेवाइकांनी कौतुकही त्यांचंच केलं. चारही पानांवर मिळून आमच्या टापूतली चौकशी एक, आणि ऑर्डर शून्य. आठ हजार ही सरासरी या दोन टोकांना झाकून टाकत होती.

कडक हिशेबही पानांवर लावला. आधी नाव ऐकलेले पाच सोडले, तर त्या तीन व्हिडिओंच्या सहा ऑर्डरी उरतात, म्हणजे 12,000 खर्चून 1,08,000. बाकीच्या 21 व्हिडिओंचा खर्च 1,80,000 आणि ऑर्डरी तीन, म्हणजे 54,000. सर्व्हेचा खर्च दोन्हीकडे वाटून टाकला तरी चित्र तेच राहतं.

दादाचा आक्षेप रास्त होता. तो म्हणाला, “ताई, बाकीचे व्हिडिओ आहेत म्हणून लोकांचा विश्वास बसतो. तीनच व्हिडिओ असलेल्या चॅनलला कोण फोन करेल?” याची थोडी पडताळणी होऊ शकते. स्टुडिओत प्रत्येक व्हिडिओचे प्रेक्षक कुठून आले ते दिसतं. या तिघांचे बहुतेक प्रेक्षक यूट्यूबच्या शोधातून थेट आलेले होते. ‘सोलर सब्सिडी छत्तीसगढ़’ किंवा ‘3 kw solar price’ असं टाइप करून. दादाच्या दुसऱ्या व्हिडिओवरून इकडे आलेले फारच थोडे. ड्रोनचे व्हिडिओ मात्र यूट्यूबने आपणहून लोकांपुढे ठेवले होते, म्हणून त्यांना व्ह्यूज होते आणि गिऱ्हाईक नव्हतं. ज्याने स्वतः शोधलं त्याला गरज होती. म्हणून आता मी व्ह्यूजच्या आधी शोधातून आलेल्यांचा टक्का बघते. तो महिनाभरात कळतो, ऑर्डरींसारखी दोन महिने वाट पाहावी लागत नाही.

मात्र या वहीला मर्यादा आहे. चौदा ऑर्डरी हा फार लहान आकडा. एका व्हिडिओच्या पानावर एक ऑर्डर आणि दुसऱ्याच्या पानावर दोन, म्हणून दुसरा दुप्पट चांगला, असं म्हणता येत नाही. तो नुसता योगायोग असू शकतो. तिघांच्या नऊ आणि चौघांच्या शून्य हा फरक मोठा आहे, त्यावर निर्णय घ्यावा. मधल्या सतरा व्हिडिओंची आपापसात तुलना मी केली नाही.

शोधातून चालणाऱ्या व्हिडिओची आणखी एक अडचण आम्हाला त्याच सहा महिन्यांत भेटली. सब्सिडीचा व्हिडिओ एप्रिलचा. त्यात केंद्राचे तीन किलोवॉटला 78,000 एवढंच होतं. पुढे राज्य सरकारने आपले 30,000 जोडले आणि एकूण 1,08,000 झाले. ऑगस्टमध्ये राज्याच्या हाफ बिजली बिल योजनेची मर्यादा 400 युनिटांवरून 100 वर आली, आणि डिसेंबरात ती पुन्हा 200 झाली. ऑगस्टनंतर मध्यमवर्गीय घरांची बिलं वाढली, चौकश्या वाढल्या, आणि नेमक्या त्याच वेळी आमचा चालता व्हिडिओ जुना आकडा सांगत होता. यूट्यूबवर टाकलेला व्हिडिओ तसाच ठेवून त्याच्या जागी दुसरा घालता येत नाही. नवा टाकला तर शोधातली जागा पुन्हा शून्यापासून मिळवावी लागते. स्टुडिओच्या संपादकात एखादा तुकडा कापता येतो, पण नवं चित्रण जोडता येत नाही. म्हणून आम्ही बोललेला आकडा कापून टाकला आणि खालच्या वर्णनात नवा लिहिला. तेव्हापासून बदलू शकणारी रक्कम दादा वेगळ्या तुकड्यात, मागचंपुढचं वाक्य न अडकवता बोलतो, म्हणजे तो तुकडा पुढे सहज कापता येईल. जुन्या व्हिडिओची कमाई मोजताना ही देखभालही खर्चात धरावी. वर्षातून दोन-तीनदा प्रत्येकी तासभर तरी जातोच.

हा हिशेब सगळ्यांना लागू नाही. एका ऑर्डरीत अठरा हजार राहतात म्हणून दादाला चार हजारांचा व्हिडिओ परवडतो. पंडरीच्या बाजारात साड्या विकणाऱ्या एका ताईंसाठी मी हीच मांडणी करून पाहिली. त्यांना एका विक्रीत चारशे सुटतात. चार हजारांच्या व्हिडिओला दहा साड्या हव्यात, आणि त्याही आधीपासूनच्या गिऱ्हाइकांखेरीज. त्यांना मी लांब व्हिडिओ करू नका असं सांगितलं. त्या आता फोनवर फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवतात, आणि त्यांच्यासाठी तेच योग्य आहे. माझं एक काम त्यामुळे गेलं, तरी सल्ला तोच देईन.

ज्यांना असा हिशेब मांडायचा आहे त्यांनी सॉफ्टवेअर शोधत बसू नये. वेगळं सिम, क्रमांकाची लिंक, व्हिडिओला एक पान, आणि फोन उचलणाऱ्या माणसाला ‘नाव आधी कुणाकडून ऐकलंत’ हा प्रश्न विचारायची सवय, एवढं सहा महिने चालू ठेवा. फोन उचलणारं माणूस घरचं असेल तर त्याचा वेळही पैशात लिहा.

जानेवारीपासून दादा महिन्याला दोनच व्हिडिओ करतो, दोन्ही दुकानात आणि फोनवर. ड्रोन बंद आहे. खर्च महिन्याला 8,000 च्या आसपास येतो, आणि व्हिडिओमुळेच आलेली एक ऑर्डर दोन महिन्यांतून मिळाली की तो भरून निघतो.